भिंतीवरची चार मूल्यं आणि एमडी साहेबांचं एक पान

प्रश्न: चाकणला आमची मशिनिंगची कंपनी आहे, पावणेदोनशे माणसं. मी एचआरमध्ये आहे. हँडबुक पहिल्यांदाच निघतंय आणि एमडी साहेब म्हणाले, "पहिल्या पानावर माझा स्वागत संदेश टाका, त्यात आपली मूल्यं आली पाहिजेत." सचोटी, गुणवत्ता, सुरक्षितता, आदर ही चार मूल्यं भिंतीवर लागलेली आहेत, ती बदलता येणार नाहीत. तीन मसुदे केले, तिन्ही शाळेच्या परिपाठासारखे वाटतात. उपदेश न वाटता हे कसं लिहायचं?

उत्तर:

तुमचे मसुदे मी पाहिलेले नाहीत, पण भाषा ठीकच असणार. अडचण भाषेच्या आधीची आहे. हातात चार शब्द होते आणि त्यांच्यावरून तुम्हाला पान भरायचं होतं. अशा वेळी कोणीही लिहिलं तरी तेच होतं: "प्रत्येकाने सचोटीने वागावे, गुणवत्तेशी तडजोड करू नये, सुरक्षिततेचे नियम काटेकोरपणे पाळावेत." या वाक्यांत चूक काहीच नाही. फक्त त्यातला सगळा भार वाचणाऱ्यावर आहे, सही करणाऱ्याने स्वतःवर काहीच घेतलेलं नाही. पहिल्या दिवशी आलेल्या ट्रेनीला हे बरोबर कळतं. उपदेश वाटतो तो यामुळे, शब्द जड आहेत म्हणून नाही. हाच मजकूर सोप्या भाषेत लिहिलात तर सोपा उपदेश तयार होईल.

दाभोळमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेल्या एन्रॉनची मूल्यंही चारच होती: आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. जुलै २००० मध्ये त्यांची आचारसंहितेची ६४ पानी पुस्तिका निघाली. सुरुवातीला कंपनीचे अध्यक्ष केनेथ ले यांचं निवेदन होतं, कायदा पाळून नीतीने धंदा करण्याची जबाबदारी आपली आहे, अशा अर्थाचं. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ते लोक खोटारडे निघाले हे तर झालंच. पण त्या चार शब्दांत असं काही नव्हतं की ज्यावर बोट ठेवून एखादा अकाउंटंट म्हणू शकला असता, "साहेब, तुम्ही हे करणार नाही असं लिहून दिलं होतं." संदेशातल्या प्रत्येक वाक्याला मी हीच कसोटी लावतो. यावर बोट ठेवून कामगाराला साहेबांना काही विचारता येईल का? येत नसेल तर ते वाक्य सजावट आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं किती घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. तुमचे एमडी मालक असतील तर ते पैशाचा शब्द देऊ शकतात. नोकरीवरचे किंवा ग्रुप कंपनीने बसवलेले असतील तर त्यांचे हात तेवढे मोकळे नसतात. अशा वेळी संदेश छोटा ठेवा आणि त्यांच्या अधिकारातलंच लिहा. दुसरं, हँडबुक फक्त स्टाफला मिळणार की शॉप फ्लोअरवरही? मी दोघांना मिळणार असं धरून चाललो आहे. तिसरं, कॉन्ट्रॅक्टची माणसं आणि अप्रेंटिस. अप्रेंटिस कायद्यानुसार ते शिकाऊ आहेत, कामगार नाहीत, आणि कॉन्ट्रॅक्टच्या माणसांचा मालक कागदोपत्री कंत्राटदार असतो. "तुम्ही सर्व आमचे कर्मचारी" हे वाक्य कोणाच्या हातात पडणार आहे, ते छापण्याआधी तुमच्या कामगार सल्लागाराला दाखवा.

मी स्वतः हे काम करतो तेव्हा लगेच मसुदा लिहायला बसत नाही. आधी साहेबांकडे पाऊण तास मागतो, केबिनचं दार लावून, फोन बाजूला ठेवून. "आपली मूल्यं काय?" हा प्रश्न तिथे विचारायचा नाही. विचारलात तर भिंतीवरचंच ऐकायला मिळेल. विचारायचं ते असं: गेल्या दोन वर्षांत योग्य वाटलं म्हणून कंपनीने पैसे कधी सोडले? चांगलं काम करणाऱ्या कोणाला काढावं लागलं का, आणि कशासाठी? कोणती गोष्ट प्रॉडक्शन हेडने मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात? इथली कोणती गोष्ट तुम्हाला स्वतःला आवडत नाही, पण अजून बदललेली नाही? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक साहेब जरा थांबतात. थांबू द्या.

तुमच्यासारख्याच एका कारखान्यातलं काम सांगतो. स्टिअरिंगमध्ये बसणारे बुश आणि पिन बनवणारी कंपनी, एमडी स्वतः मालक, मूल्यंही जवळपास हीच.

गुणवत्तेबद्दल विचारल्यावर आधी ते पीपीएमबद्दल बोलले, ग्राहकाच्या ऑडिटबद्दल बोलले. मी "पैसे कधी सोडले?" एवढंच पुन्हा विचारलं. मग निघालं. तिसऱ्या पाळीत एका ऑपरेटरच्या लक्षात आलं की इन्सर्ट झिजलाय आणि बाहेरचा व्यास वर सरकत चाललाय. ऑफसेट द्यायला उशीर झाला होता. आधीचा लॉट पॅक होऊन डिस्पॅचला गेला होता, गाडी गेटवर उभी. गप्प बसला असता तर कदाचित कोणाला कळलंही नसतं. त्याने सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझरने साहेबांना झोपेतून उठवलं. गाडी थांबली, लॉट पुन्हा शंभर टक्के तपासला. सकाळी ग्राहकाची लाइन थांबायची वेळ आली होती आणि साहेबांनी ती बोलणी स्वतः फोनवर खाल्ली. त्या ऑपरेटरला मेमो दिला का, विचारलं. "मेमो कशाला? सेटर केला त्याला." एवढं बोलून ते पुन्हा पीपीएमकडे वळले. त्यांच्या लेखी ती गोष्ट सांगण्यासारखी नव्हतीच. गुणवत्तेचा अख्खा परिच्छेद मात्र त्यात होता.

सुरक्षिततेचा मुद्दा इतका सहज सुटला नाही. सीएनसीचा दरवाजा उघडा असेल तर सायकल सुरू होऊ नये म्हणून इंटरलॉक असतो. बऱ्याच ठिकाणी तो बायपास केलेला असतो, कारण दर पीसमागे काही सेकंद वाचतात. कोणी केला ते कोणी सांगत नाही. मी साहेबांना विचारलं, "इंटरलॉक चालू ठेवल्यामुळे टार्गेट चुकलं तर चालेल, असं लिहू का?" त्यांनी प्लांट हेडला बोलावलं. प्लांट हेड म्हणाले, चालेल, पण मग मंथली प्लॅन बदलावा लागेल. वीस मिनिटं त्यावरच गेली. शेवटी प्लॅन बदलला आणि मगच वाक्य लिहिलं. हा क्रम सोडू नका. साहेब जे बदलायला तयार नाहीत ते संदेशात येत नाही, मग ते कितीही छान वाटो.

सचोटीचं सगळं दिवाळीच्या भेटींवर येऊन थांबलं. खरेदी विभागाने सप्लायरकडून काही घेऊ नये, असं त्यांना हवं होतं. मी विचारलं, "तुमच्या घरी येतात त्यांचं काय?" काजूकतलीचे डबे, चांदीची नाणी, एकदा मिक्सर. ते हसले, मग म्हणाले, "बायकोला विचारावं लागेल." दोन दिवसांनी फोन आला: लिहा, सगळं जमा होईल. त्यांचा नकार आला असता तर भेटींचा विषयच संदेशातून गेला असता. फक्त खरेदी विभागाला लावलेला नियम साहेबांच्या सहीखाली वाचून फ्लोअरवर काय बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे.

आदराबद्दल ते आधी काहीच बोलेनात. नंतर म्हणाले, सुपरवायझर ओरडतात, शिव्या देतात, पण तसं लिहू नका, ते बिथरतील. थोडा वेळ बोलल्यावर एवढं मान्य झालं की हे आहे, मला पसंत नाही आणि तक्रार कुठे करायची, इतकं लिहायचं. "आमच्याकडे सर्वांना सन्मानाची वागणूक मिळते" हे वाक्य मी काढून टाकलं, कारण दुसऱ्याच दिवशी ट्रेनीच्या कानावर शिवी पडली असती आणि त्याने संदेशातली बाकीची वाक्यंही त्याच हिशेबात धरली असती.

या बैठकीतून जे छापलं गेलं ते असं:

> नमस्कार.
>
> आज तुमचा पहिला दिवस असेल तर हे सगळं पुस्तक आजच वाचायची गरज नाही. हे एक पान वाचा.
>
> आपण बनवलेला पीस कोणाच्या तरी गाडीच्या स्टिअरिंगमध्ये बसतो. पीसबद्दल शंका आली की मशीन थांबवा, पीस लाल बिनमध्ये टाका आणि लाइन इन्स्पेक्टरला बोलवा. शंका खोटी निघाली तरी मेमो मिळणार नाही, आणि तेवढ्या वेळाचं उत्पादन तुमच्या इन्सेंटिव्हमधून कापलं जाणार नाही. आपल्या एका ऑपरेटरने स्वतःच्या हातून गेलेल्या लॉटबद्दल रात्री येऊन सांगितलं. आपण गेटवरची गाडी थांबवली. ग्राहकाची बोलणी मी खाल्ली. तो ऑपरेटर आज सेटर आहे.
>
> इंटरलॉक बायपास करून मशीन चालवायचं नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. त्यामुळे टार्गेट चुकलं तर त्याचा जाब मी तुम्हाला विचारणार नाही, प्लांट हेडना विचारीन.
>
> दिवाळीत सप्लायरकडून आलेली भेट रिसेप्शनला जमा होते, माझ्या घरी आलेलीसुद्धा. त्यांचा ड्रॉ कँटीनमध्ये निघतो. मी आणि खरेदी विभाग त्या ड्रॉमध्ये नसतो.
>
> एक गोष्ट अजून नीट जमलेली नाही. आपल्याकडे शिफ्टवर आवाज चढतो, कधी शिवीही जाते. मला ते पसंत नाही. तुमच्याशी असं कोणी बोललं तर एचआरला लिहून द्या, किंवा मला सांगा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहिली पाळी सुटताना मी कँटीनमध्ये असतो.
>
> पगार, सुट्ट्या, पीएफ आणि तक्रार समितीची माहिती पुढच्या पानांवर आहे. काही कळलं नाही तर विचारा.
>
> तुमचं स्वागत आहे.

यात आज्ञा आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. "मशीन थांबवा", "चालवायचं नाही". आज्ञेने उपदेश होत नाही. प्रत्येक आज्ञेच्या पाठोपाठ साहेब त्याची किंमत स्वतःकडे घेतात, म्हणून ती कामाची सूचना वाटते. तुमच्या मसुद्यात "राहावे, करावे, पाहिजे, अपेक्षित आहे" अशी क्रियापदं अधोरेखित करून बघा. त्या प्रत्येकाच्या पुढे कंपनी काय करेल हे लिहिता आलं तर वाक्य ठेवा, नाही तर काढा.

भिंतीवरचे चार शब्द संदेशात एकदाही आलेले नाहीत, आणि यावर तुमचे साहेब नक्की अडतील. या साहेबांनीही विचारलं, "मूल्यं कुठे गेली?" तोडगा सोपा होता. परिच्छेदांच्या बाजूला समासात बारीक अक्षरांत गुणवत्ता, सुरक्षितता, सचोटी, आदर असं छापलं. भिंतीशी नातं राहिलं आणि मजकूर बिघडला नाही. "पण वजन येत नाही, एखादं सुभाषित टाका" असंही ते म्हणाले. तसा भारदस्त मजकूर वेबसाइटवरच्या पानासाठी ठेवू, असं मी सुचवलं. तिथे ग्राहक वाचतात, तिथे तो शोभतो.

काही गोष्टी मुद्दाम घेतल्या नाहीत. पगार वेळेवर, पीएफ नियमित, लैंगिक छळाची तक्रार ऐकायला समिती, हे पहिल्या मसुद्यात "आमची कर्मचाऱ्यांप्रती बांधिलकी" म्हणून आलं होतं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ती समिती २०१३ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. जे केलं नाही तर दंड होतो, ते औदार्य म्हणून मांडलं की जुना कामगार हसतो. माहिती द्या, कुठे पाहायचं ते सांगा, पुढे जा. "आपण सगळे एक कुटुंब" हेही काढलं. मंदीत कॉन्ट्रॅक्ट कमी करावं लागतं, कोणाची चौकशी लागते. त्या दिवशी हे वाक्य कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं.

आता ज्यावर सगळ्यात जास्त संदेश फसतात ते. संदेश पहिल्या पानावर असतो आणि शिस्तीचं प्रकरण चाळिसाव्या पानावर, दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली. या कंपनीत शिस्तीच्या यादीत "वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मशीन बंद ठेवणे" हे गैरवर्तन म्हणून होतं, आणि इन्सेंटिव्ह निव्वळ पीसच्या संख्येवर होता. साहेब म्हणणार थांबवा, पुस्तक म्हणणार मेमो, आणि इन्सेंटिव्हचा तक्ता म्हणणार थांबलास तर पैसे गेले. माणूस या तिघांपैकी तक्त्याचं ऐकतो. म्हणून "गुणवत्तेच्या किंवा सुरक्षिततेच्या शंकेने मशीन थांबवून लाइन इन्स्पेक्टरला कळवल्यास हे लागू नाही" अशी ओळ त्या यादीत घातली, आणि थांबलेला वेळ नोंदवायला शिफ्ट रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवला. तुमच्याकडे प्रमाणित स्थायी आदेश असतील तर हँडबुकमधला शब्द त्यांच्या विरोधात जात नाही ना, हे सल्लागाराकडून तपासून घ्या. गैरवर्तनाची यादी तिथेही असते आणि ती तुम्ही हँडबुकमधून बदलू शकत नाही.

छापण्याआधी मी मसुदा तिघांना वाचायला देतो: एक जुना ऑपरेटर, एक नवीन ट्रेनी, एक सुपरवायझर. एचआरच्या केबिनमध्ये नाही, चहाच्या सुट्टीत. "कसं वाटलं?" विचारू नका, "छान आहे सर" एवढंच मिळेल. मी विचारतो, "यातलं काय खरं नाही?" त्या मसुद्यात सुरुवातीला "माझा दरवाजा तुमच्यासाठी सदैव उघडा आहे" असं होतं. सुपरवायझर हसायला लागला. साहेबांची केबिन पहिल्या मजल्यावर, जिन्याला ॲक्सेस कार्ड, आणि ते कार्ड ऑपरेटरकडे नसतंच. कँटीनचा पहिला शनिवार तिथून आला. वेळही त्यानेच सुचवली. पहिली पाळी सुटते आणि दुसरी येते तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं सापडतात. साहेबांनी पुढच्या काही महिन्यांच्या तारखा डायरीत लिहिल्या, तेव्हाच ती ओळ पक्की केली. एखाद्या शनिवारी ते बाहेरगावी असतील तर सूचना फलकावर लागते. न सांगता दोनदा चुकले तर ती ओळ पुढच्या आवृत्तीत काढायची, हेही आधीच ठरवून ठेवलं.

लांबीचं विचाराल तर एक पान, त्याहून जास्त नाही. खाली सही आणि तारीख हवीच, कारण एमडी बदलले किंवा इन्सेंटिव्हची पद्धत बदलली की हा मजकूर पुन्हा बघावा लागतो, आणि तारीख नसली की कोणी बघत नाही.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही पण चाकणला अडेलच. तुमच्या फ्लोअरवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं असणार. त्यांच्यासाठी हिंदी पान लागेल. ते एजन्सीकडून करून घेऊ नका, "कृपया सुनिश्चित करें" असं काहीतरी परत येईल आणि सगळी मेहनत पाण्यात. हिंदी घरची भाषा असलेला, तुमच्याच फ्लोअरवरचा एखादा सेटर किंवा इन्स्पेक्टर शोधा. त्याला मराठी पान वाचून दाखवा आणि हेच तो नव्या पोराला कसं सांगेल ते बोलायला लावा. तुम्ही उतरवून घ्या आणि लाल बिन, मेमो, इन्सेंटिव्ह हे शब्द तसेच ठेवा.